ऑफिसच्या मेलमधली पासवर्डची लिंक पहिल्याच क्लिकला "आधीच वापरली आहे" म्हणते. असं का?

शेवंती_मरोळ | मंगळवार, दुपारी १२:१०

मी मरोळला एका मालवाहतूक कंपनीत अकाउंट्सला आहे. आमच्या एका मोठ्या ग्राहकाची बिलं त्यांच्या पोर्टलवर चढवावी लागतात. महिनाअखेर आहे, १९ बिलं बाकी आहेत आणि गुरुवारी संध्याकाळी पाचला पोर्टल बंद होतं. त्यानंतर गेलेल्या बिलाचे पैसे थेट पुढच्या फेरीत.

पासवर्डची मुदत संपली म्हणून नवीन मागितला. मेल आला, लिंक दाबली, तर पोर्टल म्हणतं ही लिंक आधीच वापरली गेली आहे. मी तर पहिल्यांदाच दाबली होती. पुन्हा मागवली, पुन्हा तेच. सकाळपासून चार वेळा झालं. पाचव्यांदा मागितल्यावर खातं तासाभरासाठी बंद झालं.

पोर्टलवाले म्हणतात, "तुमच्या बाजूने लिंक उघडली गेली आहे, आमच्याकडे नोंद आहे." माझा मेल दुसरं कोणी वाचत असेल का, या विचाराने धसका घेतला आहे. आणखी एक गोष्ट, गेल्या महिन्यापासून आमच्या मेलमधल्या सगळ्या लिंका विचित्र दिसतात. माउस वर नेला की चार ओळींचा पत्ता येतो आणि त्यात पोर्टलचं नाव कुठेच सापडत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध आहे का?

गच्चीवरचा | मंगळवार, दुपारी १२:३१

संबंध आहे. कंपनीने मेलवर नजर ठेवणारी सिस्टीम बसवली आहे. प्रत्येक लिंक आधी त्यांच्या सर्व्हरवरून जाते, म्हणजे कोण कुठे क्लिक करतं ते कळतं. आमच्याकडेही हेच केलं. ऑफिसच्या मेलवरून बँकेचं काही उघडू नका, पासवर्ड त्यांच्या हातात जातो. बाकी ब्राउझरचा कॅशे साफ करून बघा, "आधीच वापरली" हे बऱ्याचदा त्यानेच येतं.

शेवंती_मरोळ | मंगळवार, दुपारी १२:५२

कॅशे साफ केला, दुसऱ्या ब्राउझरमध्येही बघितलं. तेच येतं.

पोस्टमास्तर | मंगळवार, दुपारी १:४०

शेवंतीताई, तुमचा मेल दुसरं माणूस वाचत असण्याची शक्यता फार कमी आहे. लिंक उघडली ती बहुधा तुमच्याच कंपनीच्या तपासणी यंत्राने. मी १४ वर्षं कंपन्यांचे मेल सांभाळतो, आणि ही तक्रार महिन्यातून दोनदा तरी माझ्या टेबलावर येते.

आधी लिंक बदलतात कशासाठी ते सांगतो, कारण गच्चीवरचा यांचं अर्धं बरोबर आहे. मेल आल्या आल्या त्यातल्या लिंका तपासायच्या असतील तर लिंक बदलण्याची गरजच नसते. यंत्र ती वाचतं, उघडून बघतं आणि निकाल देतं. चोरांना हे कळलं तेव्हा त्यांनी वेळ बदलली. शुक्रवारी रात्री मेल पाठवायचा आणि लिंकच्या टोकाला साधं कोरं पान ठेवायचं. तपासणीत काहीच सापडत नाही, मेल इनबॉक्समध्ये पोचतो. रविवारी त्याच पत्त्यावर खोटं लॉगिन पान चढवायचं. सोमवारी सकाळी माणूस चहा घेता घेता क्लिक करतो, तेव्हा ते पान शुक्रवारी तपासलेलं पान राहिलेलं नसतं.

म्हणून मेल पोचवतानाच लिंक बदलून ठेवतात, म्हणजे तुम्ही दाबाल त्या क्षणी ती आधी तपासणी सर्व्हरकडे जाते. तो तेव्हाचा निकाल बघून पुढे सोडतो किंवा लाल पानावर अडवतो. मेल घरच्या वायफायवर उघडा, लोकलमध्ये फोनवर उघडा, लिंक स्वतःच बदललेली असल्यामुळे तपासणी चुकत नाही. आणि एखादा वाईट पत्ता सोमवारी दहा वाजता लक्षात आला तर ४०० जणांच्या इनबॉक्समधून मेल उपसत बसावं लागत नाही. मी एका जागी तो पत्ता बंद केला की सगळ्यांच्या लिंका तिथेच अडतात. त्याआधी कोणी दाबली होती त्यांची यादी माझ्यासमोर असते, त्यांना फोन करून पासवर्ड बदलायला लावता येतो.

म्हणजे हो, कोणी कोणती लिंक कधी दाबली याची नोंद राहते. पण निकाल मिळाला की तपासणी सर्व्हर बाजूला होतो आणि तुमचा ब्राउझर थेट खऱ्या साइटवर जातो. तिथे टाकलेला पासवर्ड या सर्व्हरमधून जात नाही.

आता तुमची अडचण. मेल पोचण्याआधीची जी पहिली तपासणी असते, तिच्यात यंत्र कधी कधी लिंक खरोखर उघडतं. पोर्टलला वाटतं तुम्हीच आलात आणि एकदाच चालणारी लिंक तिथेच खर्ची पडते. पोर्टलवाल्यांकडून फक्त दोन वेळा मागवा: मेल त्यांनी कधी रवाना केला आणि लिंक पहिल्यांदा कधी उघडली गेली. सेकंदांसकट.

आर्या_दादर | मंगळवार, दुपारी २:१५

मी एका कंपनीत नव्या लोकांना सुरक्षेचं प्रशिक्षण देते, आणि या विषयावर माझी झोप उडते. इतकी वर्षं आम्ही एकच गोष्ट घोकून घेतली: दाबण्याआधी माउस वर न्या, पत्ता वाचा, ओळखीचा असेल तरच दाबा. आता माउस नेला की बँकेच्या, कुरिअरच्या, चोराच्या, सगळ्यांच्या लिंका एकाच नावाने सुरू होतात. लोकांनी वाचणंच सोडलं. वर काही जण मला म्हणतात, "मॅडम, सेफ लिहिलंय ना, मग सेफच असणार." पत्त्यातला तो शब्द म्हणजे निकाल नव्हे, ते तपासणीच्या दाराचं नाव आहे. हे कितीही सांगितलं तरी पटत नाही.

पोस्टमास्तर | मंगळवार, दुपारी २:४८

आर्याताई, ही तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि माझ्याकडे तिचं पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे.

बऱ्याच सिस्टीममध्ये खरा पत्ता त्या लांबलचक ओळीत तसाच पडलेला असतो. शेवंतीताईंच्या कंपनीत कोणती आहे माहीत नाही, पण मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत लिंक साधारण अशी दिसते:

```
https://apc01.safelinks.protection.outlook.com/?url=https%3A%2F%2Fportal.example.com%2Freset%3Ftoken%3D9f3c&data=05%7C02%7C...&sdata=...&reserved=0
```

`url=` पासून पुढच्या `&data` पर्यंतचा तुकडा म्हणजे मूळ लिंक. `%3A` म्हणजे विसर्गासारखे दोन टिंब आणि `%2F` म्हणजे तिरकी रेघ. `https%3A%2F%2F` नंतर पुढचा `%2F` येईपर्यंत जे नाव आहे तेच खरं घर, आणि ते नाव शेवटाकडून वाचायचं. वर ते `example.com` आहे. उद्या तिथे `portal.example.com.konitari.net` दिसलं तर ते घर `konitari.net` चं, आधी कितीही ओळखीचं नाव लिहिलेलं असो.

डेस्कटॉपवरच्या आउटलुकमध्ये बहुतेकदा माउस नेल्यावर मूळ पत्ता वेगळा दाखवतात, तिथे एवढी खटपट करावी लागत नाही. फोनमधल्या इतर मेल ॲपमध्ये मात्र लांब ओळच येते. आणि काही कंपन्यांच्या पद्धतीत मूळ पत्ता लिंकमध्ये नसतोच, फक्त एक सांकेतिक क्रमांक असतो. तिथे वाचण्यासारखं काहीच उरत नाही.

सचिव_मुलुंड | मंगळवार, दुपारी ४:०५

मी ऑफिसात नाही, निवृत्त आहे आणि आमच्या सोसायटीचा सचिव आहे. पण हा धागा वाचून उठून बसलो. लिफ्ट दुरुस्त करायची की नवीन बसवायची, यावर आम्ही सभेआधी सभासदांचा कल घेतला. ६४ फ्लॅट. माझ्या पुतण्याने मेलमध्ये तीन लिंका दिल्या: "नवीन", "दुरुस्ती" आणि "आणखी माहिती हवी". दाबली की मत पडलं. शेवटचं दाबलेलं ग्राह्य धरायचं.

मेल रात्री साडेअकराला पाठवला. मी जागाच होतो. अर्ध्या मिनिटात ११ मतं आली आणि अकराच्या अकरा "आणखी माहिती हवी". मला वाटलं लोक किती तत्परतेने वाचतात. सभेत मी तेच सांगितलं, तर दुसऱ्या मजल्यावरचे सभासद म्हणाले, मी तर मेल उघडलाच नाही. माझ्यावर मतं फिरवल्याचा आरोप व्हायचा राहिला आहे. आत्ता यादी बघितली, त्या अकरापैकी प्रत्येकाने ऑफिसचा मेल दिला आहे.

कोडनाका | मंगळवार, संध्याकाळी ५:२०

काका, मत प्रत्येकाचं एकेकच पडलंय की तिन्ही लिंका दाबल्याची नोंद आहे? पुतण्याला मूळ नोंदवही उघडायला सांगा, फक्त शेवटचा निकाल नको.

मी पवईला पोर्टलं बनवणाऱ्या कंपनीत आहे. शेवंतीताईंच्या प्रकरणात चूक पोर्टलची आहे, यंत्राची नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वेबचा जुना नियम आहे की नुसतं पान मागितल्याने काही बदलता कामा नये. पान बघणं वेगळं आणि काम करणं वेगळं. लिंक उघडताच ती खर्ची पाडणं, मत नोंदवणं, वर्गणी रद्द करणं, हे सगळे त्या नियमाचे भंग आहेत. जाहिरातीच्या मेलमधल्या "यादीतून काढा" लिंकांचंही असंच व्हायचं, तपासणी यंत्रं लोकांना यादीतून काढून टाकायची. म्हणून २०१७ मध्ये आरएफसी ८०५८ हा इंटरनेटचा नियमपत्रक आला, त्यात नुसत्या उघडण्याने नाव निघत नाही, मेल ॲपला वेगळी विनंती पाठवावी लागते.

पोर्टलने करायचं एवढंच: लिंक उघडली की एक पान आणि त्यावर "पुढे जा" बटण. लिंक खर्ची पडायची ती बटण दाबल्यावर.

गच्चीवरचा | मंगळवार, संध्याकाळी ६:०२

मग पोर्टलने यंत्र ओळखून त्याला दुर्लक्षित का करू नये? सर्च इंजिनच्या रोबोटला जसं नावावरून ओळखतात तसं.

पोस्टमास्तर | मंगळवार, संध्याकाळी ६:४४

कारण तपासणी यंत्र मुद्दाम नाव लपवतं. ते साध्या ब्राउझरसारखं वागतं, नाहीतर चोर त्याला ओळखून कोरं पान दाखवेल आणि माणसाला खोटं. यावर उपाय म्हणून यंत्रं आणखी माणसासारखी होत चालली आहेत. पानावरचा जावास्क्रिप्टही चालवून बघतात. म्हणून कोडनाका, ज्या पानावर बटण आपोआप दाबलं जातं ते पान काही कामाचं नाही. माणसाच्या बोटाने दाबायचं बटण बहुतेक ठिकाणी पुरतं. काही यंत्रं बटणही दाबून बघतात असं मी सहकाऱ्यांकडून ऐकलं आहे, पण स्वतः कधी पकडलेलं नाही.

कोडनाका | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

आम्ही एका ग्राहकासाठी लिंकच काढून टाकली. मेलमध्ये सहा आकडी कोड, तो ज्या खिडकीतून मागितला त्याच खिडकीत टाकायचा. यंत्राला उघडायला काही उरतच नाही. त्याआधी, ज्या ब्राउझरने लिंक मागितली त्यातच ती चालेल असं करून बघितलं होतं. यंत्राचा प्रश्न सुटला, पण लोक कॉम्प्युटरवर मागतात आणि फोनवर मेल उघडतात, तक्रारी दुप्पट झाल्या.

शेवंती_मरोळ | बुधवार, सकाळी ११:२५

पोर्टलवाल्यांनी वेळा पाठवल्या. कालच्या तिसऱ्या खेपेच्या आहेत:

```
11:42:07  reset mail sent
11:42:15  GET /reset?token=9f3c  200  token used
11:44:52  GET /reset?token=9f3c  410  already used
```

माझ्या इनबॉक्समध्ये मेल ११:४३ ला दिसतो. ११:४४:५२ मी आहे, तेव्हा मी फोनवर आमच्या डिस्पॅचशी बोलत क्लिक केलं होतं. म्हणजे मेल माझ्याकडे यायच्या आधीच लिंक वापरली गेली होती! पोर्टलवाले म्हणाले पहिल्या भेटीचा आयपी पत्ता कुठल्यातरी डेटा सेंटरचा आहे, आमच्या ऑफिसचा नाही. काल रात्री मी नवऱ्याच्या फोनमधूनही स्वतःचा मेल बाहेर काढून ठेवला होता. आता जरा जीवात जीव आला.

पण एक नवीन भीती. पोस्टमास्तरांनी सांगितलं तसं लिंकमधलं `url=` नंतरचं वाचलं. तिथे पोर्टलचं नाव नाहीच, कुठल्यातरी मेल पाठवणाऱ्या सेवेचं नाव आहे. मेल खोटा आहे का?

पोस्टमास्तर | बुधवार, दुपारी १२:०५

आठ सेकंद. माणूस मेल पोचायच्या आधी क्लिक करू शकत नाही, तेव्हा यावर वाद राहिला नाही.

नावाचं म्हणाल तर मेल बहुधा खरा आहे, कारण तुम्ही मागितल्यावर लगेच आला आणि पोर्टलच्या नोंदीत तोच टोकन दिसतो. पोर्टलवाले स्वतः मेल पाठवत नसतील. मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्या सेवेकडून पाठवतात, आणि ती सेवा किती लोकांनी क्लिक केलं ते मोजायला लिंक स्वतःच्या पत्त्यात गुंडाळते. त्यावर तुमच्या कंपनीने दुसरं वेष्टन चढवलं. खरी लिंक दोन पाकिटांच्या आत आहे आणि बाहेरचं पाकीट फोडल्यावर तुम्हाला आतलं पाकीट दिसलं. पासवर्डच्या मेलमध्ये क्लिक मोजणं पोर्टलने बंद ठेवायला हवं, ती त्या सेवेतली साधी सेटिंग असते. त्यांना हेही लिहा.

याचमुळे तुमच्या आयटीला एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. ते म्हणतील, हा पत्ता तपासणीतून वगळून टाकतो, प्रश्न मिटला. वगळायला दिसणारा पत्ता पोर्टलचा नाही, त्या सेवेचा आहे, आणि तीच सेवा हजारो इतर लोक वापरतात, त्यात चोरही. तो वगळला की त्या सगळ्यांना दार उघडं.

आर्या_दादर | बुधवार, दुपारी १:३०

चोर तर आता ही वेष्टनंच वापरतात. जुलै २०२५ मध्ये क्लाउडफ्लेअरने लिहिलं होतं की ताब्यात घेतलेल्या खात्यातून मेल पाठवून चोरांनी आपल्या लिंका प्रूफपॉइंट आणि इंटरमीडियाच्या वेष्टनात गुंडाळून घेतल्या आणि तेच पत्ते पुढे इतरांना पाठवले. बाहेरून बघणाऱ्याला सुरक्षा कंपनीचं नाव दिसतं. माझ्या वर्गात मी आता लोकांना कागदावर छापलेल्या दहा लिंका देते आणि `url=` नंतरच्या खऱ्या घराला पेन्सिलने गोल करायला लावते. स्क्रीनवर कोणी वाचत नाही, कागदावर वाचतात. पण फोनवर हे लोक करतील याची मला अजिबात खात्री नाही.

लिंक न बदलता, दाबताना ॲपनेच सर्व्हरला विचारायचं, अशीही सोय आहे ना? मग पत्ता वाचता येईल.

पोस्टमास्तर | बुधवार, दुपारी २:१०

आहे, मायक्रोसॉफ्टमध्ये तशी निवड करता येते. पण विचारणारं ॲप आउटलुकसारखं, ती सोय असलेलं हवं. फोनच्या मूळ मेल ॲपमध्ये वाचणाऱ्याला मग क्लिकच्या वेळचं संरक्षणच नाही. आमच्याकडे निम्मे लोक तसेच वाचतात म्हणून मी लिंका बदलणं चालू ठेवलं. तुमच्याकडे सगळे आउटलुकवर असतील तर मी वेगळा निर्णय घेईन.

आणखी एक, कोणालाही ऑफिसबाहेर मेल पुढे पाठवताना लक्षात ठेवा. वरच्या नमुन्यातल्या `data=` भागात ज्याच्या मेलमध्ये लिंक आली त्याचा मेल पत्ता असतो. ती लिंक ग्रुपवर टाकली की तो पत्ताही जातो.

सचिव_मुलुंड | बुधवार, संध्याकाळी ५:४०

पुतण्याने नोंदवही उघडली. कोडनाका, तुमचं बरोबर. त्या अकरा जणांच्या नावावर तिन्ही लिंका एकाच सेकंदात, वरून खाली त्याच क्रमाने उघडल्या आहेत. तिसरी शेवटची म्हणून तीच मोजली गेली. ऑफिसचा मेल दिलेले आणखी पाच सभासद आहेत, त्यांच्या नावावर असं काही नाही. हे कसं?

पोस्टमास्तर | बुधवार, संध्याकाळी ६:१५

प्रत्येक यंत्र प्रत्येक लिंक उघडत नाही. कुठे फक्त अनोळखी पत्ते उघडतात, कुठे आधी दिलेल्या निकालावर भागवतात. त्यामुळे एकाला त्रास होतो आणि शेजारच्याला नाही. त्या पाच जणांच्या कंपन्यांच्या सेटिंग बघितल्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही.

शेवंती_मरोळ | गुरुवार, संध्याकाळी ५:३५

पोर्टलवाल्यांनी माझ्यासाठी नोंदणीकृत मोबाइलवर कोड पाठवला, पावणेचारला आत गेले. १७ बिलं चढली. दोन राहिली, कारण त्यांच्या पोचपावत्या अजून गोदीवरून आल्या नव्हत्या, त्याला मेल जबाबदार नाही. बटणाचं पान करू असं त्यांनी लेखी कळवलं आहे, तारीख दिलेली नाही. आमच्या आयटीने खरंच तो पत्ता वगळायची तयारी केली होती. मी पोस्टमास्तरांचा परिच्छेद जसाच्या तसा पाठवला, आता ते पुन्हा विचार करत आहेत.

सचिव_मुलुंड | गुरुवार, रात्री ९:१०

अकरापैकी नऊ जणांना मी स्वतः फोन करून विचारलं. सहा "नवीन", तीन "दुरुस्ती". दोघं परगावी आहेत, फोन लागत नाही. निकाल या दोन मतांवर फिरत नाही, पण समितीतले एक सभासद म्हणतात फोनवरचं मत धरायचं नाही, सगळ्यांचं पुन्हा कागदावर घ्या. रविवारी बैठक आहे.